टोकायचं कधी? बोलण्यातल्या चुका आणि मागाहून केलेली दुरुस्ती

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा इंग्रजी बोलण्याचा तास. विषय साधा होता: हरवलेली आणि पुन्हा सापडलेली वस्तू. एक मुलगी जोडीदारणीला सांगत होती की मावशीकडे जाताना एस.टी.त बॅग राहिली आणि स्टँडवर उतरल्यावर आईला रडूच कोसळलं. सांगता सांगता तिचाही आवाज कापरा झाला. त्याच ओघात ती म्हणाली, ‘आय रॅन टू द कंट्रोलर अँड आस्क टू हिम.’ मी बाजूलाच उभी होते. ‘आस्क्ड हिम’ हे दोन शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले आणि हातातल्या कागदावर तिचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी ते गिळले नसते. तेव्हा मी प्रत्येक चूक जागच्या जागी पकडायची आणि मुलांचं त्यातच भलं आहे असं मनापासून मानायची. परिणाम हळूहळू दिसला. मुलं घरून चार वाक्यं लिहून, पाठ करून आणू लागली. तासाला ती वाक्यं म्हणायची आणि खाली बसायची. चुका कमी झाल्या, पण बोलणंही संपलं. पुढे मी दुसऱ्या टोकाला गेले. बोलताना अजिबात टोकायचं नाही, चुका टिपून ठेवायच्या आणि घंटा व्हायच्या आधी पाच मिनिटांत यादी वाचून दाखवायची. वर्गातली भीती गेली. पण सहा महिन्यांनी माझेच जुने कागद पाहिले, तर त्याच मुलांच्या नावापुढे त्याच चुका होत्या.

या दोन टोकांमध्ये नेमकं काय आहे, त्याबद्दल अभ्यासकांनी काय शोधलं आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या वर्गात त्यातलं काय उपयोगी पडतं, याचा हा आढावा आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज कॉलेजात येणारी मुलं बारा वर्षं इंग्रजी शिकून आलेली असतात. नियम बहुतेकांना ठाऊक असतात. अडतं ते बोलताना.

चुकीकडे पाहण्याची नजर गेल्या साठ-सत्तर वर्षांत बरीच बदलली. दुसऱ्या महायुद्धानंतर गाजलेल्या ऐका-आणि-म्हणा पद्धतीत भाषा म्हणजे सवय मानली जाई. एकदा चुकीचं वाक्य तोंडात बसलं की निघणार नाही, म्हणून ते उमटण्याआधीच थांबवायचं, असा तिथला हिशेब होता. 1967 मध्ये पिट कॉर्डर यांनी एका लेखात या समजुतीला धक्का दिला. विद्यार्थ्याची चूक ही त्याच्या डोक्यात या घडीला भाषेचे कोणते नियम तयार झाले आहेत याची खूण असते, असं त्यांनी मांडलं. शिवाय त्यांनी एक फरक केला, जो मला रोज वर्गात उपयोगी पडतो. एक असते घसरण: येत असूनही घाईत, दमल्यामुळे किंवा गोंधळात तोंडून गेलेली. दुसरी असते खरी चूक: विद्यार्थ्याला तेच बरोबर वाटत असतं. घसरण त्याची तो सुधारू शकतो. खऱ्या चुकीला शिकवावं लागतं. गंमत अशी, की मूल बोलत असताना समोर आलेलं वाक्य यांतलं कोणतं आहे हे शिक्षकाला सहसा कळत नाही. ते कळायला त्याला नंतर विचारावं लागतं. मागाहून दुरुस्ती करण्याचं माझ्या लेखी हे पहिलं खरं कारण आहे.

दुसरं कारण बोलण्याच्या क्रियेतच आहे. काय सांगायचं ते ठरवणं, त्यासाठी शब्द आणि रचना शोधणं, त्यांचे उच्चार जुळवणं, ही कामं बोलणारा एकाच वेळी करत असतो. मातृभाषेत त्यातली बरीचशी आपोआप होतात. नव्या भाषेत प्रत्येकाला लक्ष द्यावं लागतं आणि लक्षाची शिदोरी मोजकी असते. अशा वेळी बाहेरून ‘आस्क्ड हिम’ आलं, तर विद्यार्थी ते ऐकण्यासाठी हातातलं काहीतरी खाली ठेवतो. बहुतेकदा ते पुढचं वाक्य असतं. म्हणून टोकल्यावर मुलं ‘येस मॅडम’ म्हणून गप्प होतात. तो शिष्टाचार नसतो, धागा सुटलेला असतो.

आता टोकण्याचेही प्रकार आहेत आणि सगळे सारखे नाहीत. रॉय लिस्टर आणि लायला रँटा यांनी 1997 मध्ये कॅनडातला एक अभ्यास प्रसिद्ध केला. फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या प्राथमिक शाळेतल्या इंग्रजी भाषक मुलांचे सुमारे अठरा तासांचे वर्ग ध्वनिमुद्रित करून त्यांनी शिक्षक चुकीला कसा प्रतिसाद देतात हे तपासलं. निम्म्याहून जास्त वेळा शिक्षक मुलाचं वाक्य बरोबर करून स्वतःच परत म्हणत होते. मूल म्हणतं ‘ही गो देअर’, शिक्षक म्हणतो ‘ओ, ही वेंट देअर’. यात कुणी दुखावत नाही आणि वेळही जात नाही. पण या प्रकारानंतर मुलांनी दुरुस्तीची दखल घेतल्याची काही खूण दिली ती साधारण तीनांतून एकदा. बाकीच्या वेळा दुरुस्ती बहुधा कानावरून गेली; शिक्षक आपल्या मुद्द्याला होकार देतोय असंच मुलांना वाटलं असावं. याउलट, शिक्षकाने उत्तर न देता मुलाकडूनच बरोबर रूप काढून घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा मुलांनी दर वेळी काही ना काही प्रतिसाद दिला. ही संख्या मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझी मान खाली गेली. कारण मी ज्याला ‘सौम्यपणे सुधारणं’ म्हणत होते, तो हाच पहिला प्रकार होता.

इथे एखादा वाचक म्हणेल, मग प्रश्न सुटला, मागाहूनच दुरुस्ती करावी. पुरावा इतका सरळ नाही, आणि आपल्या पद्धतीच्या प्रेमात पडलेल्या शिक्षकाने तो नीट पाहायला हवा. जॉन ट्रस्कॉट यांनी 1999 मध्ये बोलण्यातली व्याकरणाची दुरुस्ती मुळातच सोडून द्यावी असं मांडलं होतं. त्यानंतर झालेल्या बऱ्याच प्रयोगांनी एकुणात उलट कौल दिला: दुरुस्तीचा फायदा होतो. पण ती कधी करावी, याबद्दलचे निष्कर्ष मागाहून दुरुस्तीला फारसे अनुकूल नाहीत. टोरांटोत 2014 साली पूर्ण झालेल्या एका प्रबंधात ताबडतोब आणि मागाहून दुरुस्ती मिळालेल्या प्रौढ विद्यार्थ्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. शाओफेंग ली, यान झू आणि रॉड एलिस यांनी 2016 मध्ये चीनमधल्या माध्यमिक शाळेतल्या मुलांना इंग्रजीतला भूतकाळी कर्मणी प्रयोग शिकवताना दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. वाक्य बरोबर की चूक हे ओळखण्याच्या चाचणीत ताबडतोब दुरुस्ती मिळालेली मुलं थोडी पुढे होती. नंतरच्या काही अभ्यासांनीही ताबडतोब दुरुस्तीच्या बाजूने झुकते निकाल दिले.

याची एक समजूत मला पटते. ज्याला लगेच सांगितलं जातं त्याला ते रूप त्याच कामात पुढे आणखी चार-सहा वेळा वापरायची संधी असते. ज्याला काम संपल्यावर सांगितलं जातं, त्याच्याकडे ती संधी उरलेलीच नसते. माझी घंटेआधीची यादी का वाया जात होती, याचं उत्तर इथे आहे. मुलांना बरोबर रूप मिळत होतं, पण ते उच्चारायला जागाच नव्हती. उशीर करणं ही फक्त निम्मी पद्धत. पुन्हा बोलायला लावणं ही उरलेली निम्मी, आणि ती नसेल तर पहिलीला फारसा अर्थ राहत नाही.

या प्रयोगांची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. त्यांत बहुधा व्याकरणाचं एकच रूप निवडलेलं असतं आणि तेवढ्याचीच चाचणी होते. खऱ्या वर्गात एकाच मुलीच्या दीड मिनिटाच्या बोलण्यात नऊ निरनिराळ्या गोष्टी निघतात. ती पुढच्या आठवड्यात आपण होऊन तोंड उघडेल का, हे त्या चाचण्यांत मोजलेलं नसतं. नवं रूप नुकतंच शिकवलं असेल आणि तेवढ्याचाच सराव चालू असेल, तर मीही जागच्या जागी सुधारते. तिथे कुणाची गोष्ट मोडत नाही. मूल आपलं काहीतरी सांगत असेल, तेव्हा थांबते.

आता त्या बॅगेच्या गोष्टीकडे परत येते, कारण पद्धत तपशिलातच दिसते. त्या मुलीने पहिल्यांदा सांगितलेलं मी टिपलं ते साधारण असं:

‘लास्ट इयर वी वॉज गोइंग टू माय आंट्स प्लेस बाय एस.टी. माय मदर केप्ट द बॅग अप. व्हेन वी गॉट डाउन, वी फरगेट द बॅग. माय मदर स्टार्टेड क्राइंग. आय रॅन टू द कंट्रोलर अँड आस्क टू हिम. ही टोल्ड मी दॅट आय विल फोन टू द नेक्स्ट डेपो, यू सिट हिअर. आफ्टर टू आवर्स अनदर बस कंडक्टर ब्रिंग द बॅग. देअर वॉज गोल्ड इन द बॅग, बट इट वॉज देअर ओन्ली.’

टिपताना मी कागदाचे तीन भाग करते. डावीकडे चुकीचा तुकडा, विद्यार्थ्याच्याच शब्दांत. मधे बरोबर आणि नेटकं जमलेलं काही. उजवीकडे विद्यार्थी जिथे अडला किंवा जिथे शब्द नसल्यामुळे वळसा घालून गेला, ती जागा. शब्द जसेच्या तसे लिहिणं फार महत्त्वाचं. ‘भूतकाळ चुकला’ असं लिहून ठेवलं, तर दहा मिनिटांनी फळ्यावर काय मांडायचं हे मलाच आठवत नाही आणि मग मी व्याख्यान द्यायला लागते. दुसरी काळजी कागदाची. पेन चालू झालं की मुलं बिचकतात. म्हणून कुणी चांगलं बोलत असतानाही मी लिहीत राहते, म्हणजे लिहिणं आणि चुकणं यांचा संबंध त्यांच्या मनात जुळत नाही.

त्या दिवशी तिच्या बोलण्यातल्या नऊ गोष्टी माझ्या कागदावर होत्या. फळ्यावर मी तिच्या तीन नेल्या, दुसऱ्या एका मुलाची एक. निवड कशी करते, ते सांगते, कारण मागाहून दुरुस्तीत सगळ्यात अवघड काम तेच आहे.

पहिला मान अर्थ बिघडवणाऱ्या चुकीला. ‘ही टोल्ड मी दॅट आय विल फोन’ हे वाक्य इंग्रजी भाषक माणसाने ऐकलं, तर फोन मुलगीच करणार होती असं त्याला वाटेल. ही चूक निष्काळजीपणाची नाही. मराठीत आपण दुसऱ्याचं बोलणं त्याच्याच तोंडचं ठेवतो: ‘मी पुढच्या डेपोला फोन करतो, असं ते म्हणाले.’ त्यातला ‘मी’ कंट्रोलरचा आहे हे प्रत्येक मराठी माणसाला कळतं. ती रचना मुलीने इमानेइतबारे इंग्रजीत नेली, आणि तिच्या शेजारी बसलेल्या मराठी मुलीला ती बिनचूक समजली. म्हणूनच ती वर्गात एरवी कधी उघडी पडत नाही. मराठी भाषकांच्या वर्गात शिक्षकाने कान कुठे लावावा, तर अशा जागी.

दुसरा मान वारंवार येणाऱ्या आणि वर्गातल्या पुष्कळांच्या चुकीला. ‘वी फरगेट’ आणि ‘ब्रिंग’ या दोन्हींत भूतकाळाचं रूप सुटलंय. पण त्याच मुलीने ‘केप्ट’, ‘रॅन’, ‘टोल्ड’ बरोबर म्हटलं होतं. म्हणजे नियम तिला येतो, सगळी रूपं तोंडात बसलेली नाहीत. ‘फरगेट’ मी फळ्यावर घेतलं, ‘ब्रिंग’ सोडलं. एक सापडलं की दुसरं तिचं तिला सापडतं का, हे मला पाहायचं होतं.

तिसरी जागा तिच्या ‘केप्ट द बॅग अप’ची. यात व्याकरण चुकलेलं नाही. एस.टी.तल्या डोक्यावरच्या फळीला काय म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिने ‘अप’वर भागवलं. ‘ऑन द रॅक’ हे तीन शब्द तिला त्या क्षणी हवे होते. मागाहून दिलेल्या प्रतिसादात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट: विद्यार्थ्याला जे म्हणायचं होतं आणि म्हणता आलं नाही, ते त्याच्या हातात देणं. चुका शोधणाऱ्या नजरेला ही जागा दिसतच नाही, कारण तिथे चूक झालेली नसते.

आणि काही गोष्टी मी मुद्दाम सोडल्या. ‘इट वॉज देअर ओन्ली’ म्हणजे आपलं ‘तिथेच होतं’. इंग्लंडात हे कानाला खटकेल, भारतात कुणाचंही काही अडत नाही. मुलाखतीची तयारी करताना मी त्याकडे वळेन. बॅग सापडल्याच्या गोष्टीत नाही. ‘आस्क टू हिम’ही त्या दिवशी राहिलं, ज्यासाठी माझे ओठ सर्वांत आधी शिवशिवले होते. शिक्षकाच्या कानाला सर्वांत आधी टोचणारी चूक सर्वांत महत्त्वाची असतेच असं नाही, हे मला कागदामुळे समजलं.

फळ्यावर पाच वाक्यं गेली, कुणाचंही नाव न लिहिता. त्यांतलं एक पूर्ण बरोबर होतं: ‘आय रॅन टू द कंट्रोलर.’ बरोबर वाक्य मिसळल्यामुळे मुलांना प्रत्येक ओळ खरोखर तपासावी लागते, नाहीतर ती सगळीकडे डोळे मिटून काहीतरी बदलत बसतात. दोघादोघांत तीन मिनिटं दिली. मग तिसऱ्या वाक्यापाशी आल्यावर मी नियम सांगितला नाही, एवढंच विचारलं, ‘फोन कोण करणार होतं?’ वर्ग म्हणाला, कंट्रोलर. ‘हे वाक्य काय म्हणतंय?’ थोडा वेळ शांतता. मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, इथे तर ती स्वतःच फोन करतेय.’ हशा झाला आणि त्या हशात ती मुलगीही होती. ‘ही टोल्ड मी दॅट ही वुड फोन’ हे वाक्य त्यांनीच तयार केलं. ‘विल’चं ‘वुड’ होतं एवढं मी सांगितलं.

उत्तर मुलांकडूनच काढून घ्यायचं, हे मला माझ्याच तासात कळलं असं म्हणता आलं असतं, पण ते खरं नाही. ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठात फ्रेंच शिकवणाऱ्या वर्गांचा जान रोलिन-इयांझिती यांनी केलेला अभ्यास 2010 मध्ये आला. नाट्यप्रवेश संपल्यावर शिक्षक मागाहून दुरुस्ती कशी करतात, हे त्यांनी संभाषणाच्या बारकाव्यांनिशी तपासलं. दोन रीती दिसल्या. एकीत शिक्षक चूकही सांगतो आणि बरोबर रूपही. दुसरीत तो चुकीकडे बोट दाखवतो आणि थांबतो, रूप विद्यार्थी काढतो. माझ्या जुन्या यादीत पहिली रीत होती. दुसरीला दुप्पट वेळ लागतो, म्हणून पाचच वाक्यं.

फळा झाल्यावर जोड्या बदलल्या आणि प्रत्येकाने आपली तीच गोष्ट नव्या माणसाला सांगितली. याच्या मुळाशी पॉल नेशन यांनी 1989 मध्ये अभ्यासलेला जुना सराव आहे: एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या श्रोत्यांना आधी चार, मग तीन, मग दोन मिनिटांत सांगायची. बोलण्याचा वेग आणि ओघ त्याने वाढतो. पण फ्रँक बूर्स यांनी 2014 मध्ये याच सरावाची फेरतपासणी केली, तेव्हा एक धोका दिसला. वेळ कमी होत जातो तशी मुलं पहिल्या खेपेची वाक्यं जशीच्या तशी उचलतात आणि त्यांतल्या चुकाही तशाच पुढे नेतात. म्हणजे नुसतं पुन्हा सांगणं चुकीला पक्कं करू शकतं. पहिल्या आणि दुसऱ्या सांगण्याच्या मधे दुरुस्ती बसवली, तर दोन्ही पद्धती एकमेकींची उणीव भरून काढतात. मधली ती जागा शोधायला मला बरीच वर्षं लागली.

दुसऱ्या खेपेला ती मुलगी म्हणाली, ‘ही टोल्ड मी दॅट आय… ही विल फोन टू द नेक्स्ट डेपो.’ मधे एक क्षण अडखळून तिने स्वतःला पकडलं. ‘वुड’ आलं नाही, पण फोन करणारा माणूस बरोबर झाला. ‘वी फरगॉट’ आलं, ‘ऑन द रॅक’ आलं आणि ते म्हणताना तिने हात वर करून दाखवलं. ‘ब्रिंग’ मात्र ‘ब्रिंग’च राहिलं. पुढच्या आठवड्यात विषय वेगळा होता, घरात झालेला एखादा वाद. तिच्या तोंडून आपसूक आलं, ‘माय ब्रदर टोल्ड मी दॅट ही कान्ट कम.’ आणि त्याच गोष्टीत दोन वाक्यांनंतर, ‘आय फरगेट हिज बर्थडे.’

दुरुस्ती लागू पडली की नाही, हे मी असंच पाहते: लगेचच्या दुसऱ्या सांगण्यात आणि आठवड्याने वेगळ्या विषयात, कुणी आठवण न करता. फळ्यावर बरोबर उत्तर देता आलं म्हणजे शिकणं झालं, असं मी धरत नाही. अर्थाला चिकटलेली चूक एका झटक्यात हलली, कारण तिचं कारण मुलीला दिसलं. अनियमित क्रियापदाची रूपं हलली नाहीत. ती समजण्याची नव्हे, वापरून वापरून बसण्याची गोष्ट आहे आणि तिला कितीतरी खेपा लागतात. दोन्हींना एकाच फळ्याने सारखं उत्तर मिळेल, ही अपेक्षाच चुकीची.

न थांबता मधेच कधी बोलावं, याचं माझं उत्तर आता छोटं आहे. ऐकणाऱ्याला कळलंच नाही आणि संभाषण ठप्प झालं, तर लगेच, पण तेही ऐकणाऱ्याने विचारावं असं मी पाहते. ‘सॉरी, हू फोन्ड?’ हा प्रश्न जोडीदारणीने विचारला, तर ती दुरुस्ती नसते, संभाषण असतं. ज्या शब्दाचा उच्चार चुकल्यामुळे तो दुसराच शब्द वाटतो आणि जो पुढे दहा वेळा येणार आहे, तोही मी लगेच हळूच म्हणून देते. बोलणारा स्वतः माझ्याकडे पाहून शब्द मागत असेल, तर तो देण्यात कुचराई कसली? मदत मागणाऱ्याला ताटकळत ठेवणं म्हणजे पद्धत पाळणं नव्हे.

मागाहून दुरुस्ती कुठे फसते, हे मी माझ्या चुकांवरून सांगू शकते. सर्वांत जास्त ती वेळेपायी फसते. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासात बोलणं रंगलं, म्हणून वीस मिनिटं चालू दिलं, की फळा शेवटच्या चार मिनिटांत कोंबला जातो आणि दुसरं सांगणं उद्यावर जातं. उद्या कुणालाच आपलं वाक्य आठवत नसतं. आता मी पहिलं सांगणं दहा मिनिटांत थांबवते, मुलं ‘मॅडम, अजून झालं नाही’ म्हणाली तरी. दुसरी फसगत अशी, की आपलं वाक्य फळ्यावर आहे हे बोलणाऱ्याला ओळखूच येत नाही. खूप बोलून गेल्यावर आपण नेमकं काय म्हणालो हे कुणाच्या लक्षात राहतं? त्यासाठी एडिंबरामधले टोनी लिंच यांनी सुचवलेला मार्ग मी महिन्यातून एकदा वापरते. मुलं आपलं एक मिनिटाचं बोलणं मोबाइलवर मुद्रित करतात आणि स्वतः शब्दशः लिहून काढतात. लिहिता लिहिता अर्ध्या चुका त्यांनाच दिसतात, आणि माझ्याकडे येतो तो कागद आधीच लाल शाईने भरलेला असतो, त्यांच्याच हाताने. तिसरी फसगत कागदावर दिसतच नाही. काही हुशार मुलं अवघड रचना टाळून छोट्या, सुरक्षित वाक्यांत बोलतात. त्यांच्या नावापुढे चूक नसते, म्हणून ती सुटून जातात. कुणाचा डावा भाग सलग दोन आठवडे कोरा राहिला, की मी त्याच्याजवळ जास्त वेळ उभी राहते आणि उजवा भाग भरते.

मोठ्या वर्गाचा प्रश्न मात्र खरा आहे. साठ मुलं म्हणजे तीस जोड्या, आणि दहा मिनिटांत मी नीट ऐकू शकते फार तर चार. प्रत्येकाला त्याची वैयक्तिक दुरुस्ती देणं, जेम्स हंटर यांनी 2012 मध्ये वर्णन केलेल्या ‘स्मॉल टॉक’ पद्धतीत जमतं. तिथे मुलंच छोट्या गटांतलं संभाषण चालवतात, शिक्षक गप्प राहून प्रत्येकाच्या चुका नोंदवतो आणि नंतर त्याच त्याला सरावासाठी देतो. पण ती लहान वर्गाची चैन आहे. साठांच्या वर्गात मी हजेरीपटाप्रमाणे चार जोड्या ठरवून ऐकते, म्हणजे साधारण आठ तासांत प्रत्येकाची पाळी येते. तिसरा विद्यार्थी श्रोता म्हणून बसवून त्याच्याकडून टिपणं घेण्याचाही प्रयोग केला. चुका टिपायला सांगितल्या तेव्हा तो फसला. मुलं एकमेकांची बरोबर वाक्यंही चुकीची ठरवू लागली, आणि मैत्रिणीच्या हातातला कागद मॅडमच्या कागदापेक्षा जास्त बोचतो. आता श्रोत्याला मी दोनच गोष्टी लिहायला सांगते: तुला न कळलेली एक जागा आणि तुला स्वतःला वापरावासा वाटलेला एक शब्द. त्या दिवशी बॅगेच्या गोष्टीच्या श्रोत्याने लिहिलं होतं: ‘सोनं कुणाचं होतं ते कळलं नाही.’ मुलीने दुसऱ्या खेपेला ते न विसरता सांगितलं, ‘इट वॉज माय आंट्स गोल्ड.’